पुढची तारीख कुठे लिहिलीस? नोकरीच्या अर्जांची नोंद ठेवायची एक पद्धत

गेल्या वर्षी जुलैत माझ्या भाचीला एक फोन आला. ती कोकणात शृंगारतळीजवळच्या वाडीत राहते, बी.एस्सी. केमिस्ट्री नुकतीच झालेली. घरात रेंज नसते म्हणून ती विहिरीच्या कठड्यावर जाऊन बोलली. पलीकडून बाई म्हणाल्या, "आपण केमिस्टसाठी अर्ज केला होता ना? सध्याची पगाराची अपेक्षा काय?" हिला कंपनी कुठली तेच आठवेना. लोट्याची, महाडची की तळोज्याची? विचारायची लाज वाटली, मग काहीतरी आकडा सांगून मोकळी झाली. त्यानंतर त्या नंबरवरून फोन आला नाही.

रात्री मला म्हणाली, "मामा, मी वहीत लिहून ठेवते रे सगळं." वही पाहिली. तारीख, कंपनीचं नाव, पद, असे अठ्ठावीस अर्ज अगदी नीट अक्षरात लिहिलेले. पण ती वही म्हणजे झालेल्या गोष्टींची यादी होती. आज सकाळी उठून कुणाला फोन करायचा, हे त्यात कुठेच नव्हतं. नोकरीच्या नोंदवहीचं खरं काम तेच आहे. जो अर्ज अजून चालू आहे, त्याच्यासमोर पुढची एक तारीख आणि त्या तारखेला करायचं एक काम लिहिलेलं असलंच पाहिजे. आम्ही मग तिची नोंद गूगल शीट्समध्ये नव्याने बांधली. ती कशी बांधली, कुठे चुकलो आणि ऑगस्टमध्ये ती कशी वापरली, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी सेटिंग, मग तारखा

हे पहिल्यांदा करा, कारण नंतर करून उपयोग होत नाही. संगणकावर नवीन शीट उघडा आणि File, मग Settings मध्ये जा. तिथे Locale समोर India आणि Time zone समोर GMT+05:30 निवडा. सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये बसून पाच मिनिटांचं काम आहे.

हे का, ते आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. आमच्या शीटवर Locale अमेरिकेचं होतं. भाचीने ५ ऑगस्ट म्हणून 05/08/2025 टाकलं, शीटने ते ८ मे समजून घेतलं. तक्रार काही केली नाही, कारण ८ मे ही तारीख असतेच. पुढे 18/08/2025 टाकलं तेव्हा मात्र अठरावा महिना नसल्यामुळे शीटने ती तारीख मानलीच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवली. त्यामुळे अर्ध्या तारखा चुकीच्या आणि अर्ध्या तारखाच नाहीत असा गोंधळ झाला. ओळखायची खूण सोपी आहे. खरी तारीख खान्यात उजव्या बाजूला चिकटते, मजकूर डाव्या बाजूला. तुमच्या रकान्यात काही डावीकडे आणि काही उजवीकडे दिसत असेल तर Locale चुकलेलं आहे. आणि नंतर Locale बदललं तरी मे महिन्यात गेलेली तारीख ऑगस्टमध्ये परत येत नाही, ती हातानेच दुरुस्त करावी लागते.

रकाने

आम्ही अकरा रकाने ठेवले. A मध्ये अर्जाची तारीख, B मध्ये कंपनी आणि गाव, C मध्ये पद, D मध्ये अर्ज कुणामार्फत गेला, E मध्ये टप्पा, F मध्ये स्थिती, G मध्ये शेवटच्या संपर्काची तारीख, H मध्ये थांबायचे दिवस, I मध्ये पुढची तारीख, J मध्ये पुढचं काम आणि K मध्ये टिपणं. याहून जास्त करू नका. मी पूर्वी स्वतःसाठी एकवीस रकाने केले होते, आठव्या दिवशी भरायचा कंटाळा आला.

यात D, E आणि F हे तीन नीट समजून घ्यायचे आहेत.

D म्हणजे मार्ग. पोर्टल, थेट मेल, वॉक-इन, ओळख, कन्सल्टंट. कन्सल्टंट असेल तर कुठला तेही लिहा. आपल्याकडे एमआयडीसीतल्या कितीतरी जागा कन्सल्टंट किंवा कंत्राटदारामार्फत भरल्या जातात, आणि दोन कन्सल्टंटकडे बायोडाटा दिला की दोघेही तोच बायोडाटा एकाच कंपनीला पाठवतात. मग उमेदवार कुणाचा यावर त्यांच्यात वाद होतो आणि कंपनी सरळ तिसऱ्यालाच घेते. म्हणून कन्सल्टंटने "तुझा बायोडाटा पाठवू का?" विचारलं की आधी B रकाना पाहायचा, कंपनीचं नाव विचारायचं आणि मगच हो म्हणायचं. जो कंपनीचं नाव सांगत नाही त्याला नाही म्हणायचं. जो नोंदणीचे पैसे मागतो, त्याची ओळ त्याच दिवशी बंद.

E म्हणजे टप्पा, F म्हणजे स्थिती, आणि हे दोन वेगळे ठेवायचे. बहुतेक जण एकच रकाना करतात आणि नकार आला की त्यात "नकार" लिहितात. त्याबरोबर सगळ्यात कामाची माहिती पुसली जाते, ती म्हणजे नकार कुठल्या पायरीवर आला. फोनवरच संपलं की तांत्रिक मुलाखतीनंतर संपलं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून E मध्ये अर्ज जास्तीत जास्त कुठवर पोचला ते ठेवायचं आणि ते कधी मागे न्यायचं नाही. F मध्ये फक्त "चालू" किंवा "बंद".

आमचे टप्पे असे होते: अर्ज, फोन, लेखी, तांत्रिक, एचआर, मेडिकल, ऑफर. कारखान्यात मेडिकल ही वेगळी पायरी असते आणि ती झाली म्हणजे नोकरी झाली असं नाही, म्हणून ती ठेवली. बँकेसाठी किंवा हॉटेलसाठी तुमचे टप्पे वेगळे असतील. E आणि F दोन्हींना Insert मधून Dropdown लावून घ्या. नाहीतर एका ओळीत "चालू", दुसरीत "चालु" होतं आणि पुढची सूत्रं दुसरी ओळ धरत नाहीत.

पुढची तारीख काढणारं सूत्र

आता मुख्य भाग. दुसऱ्या एका पानावर, ज्याला आम्ही "सुट्ट्या" नाव दिलं, A रकान्यात दुसऱ्या ओळीपासून सुट्टीच्या तारखा लिहा. मग पहिल्या पानावर I2 मध्ये हे टाका आणि खाली ओढा:

```
=IF(OR(F2<>"चालू",G2=""),"",WORKDAY.INTL(G2,H2,"0000001",'सुट्ट्या'!$A$2:$A$30))
```

म्हणजे शेवटच्या संपर्कापासून H मध्ये लिहिलेले कामाचे दिवस मोजायचे, रविवार आणि सुट्ट्या सोडून. मधले सात आकडे सोमवारपासून रविवारपर्यंतचे. 0 म्हणजे कामाचा दिवस, 1 म्हणजे सुट्टी. साध्या WORKDAY मध्ये शनिवारही सुट्टी धरला जातो, पण आपल्या कारखान्यांत शनिवारी काम चालतं. मुंबईच्या पाच दिवसांच्या ऑफिसासाठी "0000011" करा.

I च्या खान्यात तारखेऐवजी पाच आकडी संख्या दिसली तर घाबरू नका, Format मधून Number, मग Date निवडा.

उदाहरण घेऊ. ४ ऑगस्ट २०२५, सोमवार. लोट्याच्या एका कंपनीला क्यूसी केमिस्टसाठी मेल केला. G मध्ये तीच तारीख आणि H मध्ये ७ टाकले. सूत्राने १२ ऑगस्ट, मंगळवार दिला. ८ ऑगस्टला महाडला दुसरा अर्ज, त्यालाही ७ दिवस. मध्ये १५ ऑगस्ट आला, म्हणून तारीख १८ ऑगस्ट, सोमवार निघाली.

७ हा आकडा काही शास्त्रातला नाही, माझ्या अनुभवातला आहे. मेलला सात, फोनवर बोलणं झालं असेल तर चार, मुलाखतीनंतर पाच. पण समोरच्याने स्वतः तारीख सांगितली असेल तर सूत्र बाजूला ठेवायचं आणि I मध्ये ती तारीख हाताने टाकायची. "वीस तारखेपर्यंत कळवतो" म्हणाले तर एकवीस टाका, अठराला फोन करू नका. अशा ओळीतलं सूत्र पुसलं जातं, म्हणून पुढच्या संपर्कानंतर वरच्या ओळीतून ते परत कॉपी करायला विसरू नका. हा या पद्धतीचा खरा कच्चा दुवा आहे.

आज करायच्या ओळी रंगवण्यासाठी दुसऱ्या ओळीपासून सगळ्या ओळी निवडून Format, मग Conditional formatting, तिथे Custom formula is निवडा आणि हे लिहा:

```
=AND($F2="चालू",$I2<>"",$I2<=TODAY())
```

रंग पिवळा ठेवा. रोज सकाळी शीट उघडायची, पिवळ्या ओळींचं काम करायचं, G मध्ये आजची तारीख टाकायची. तारीख टाकली की ओळ आपोआप पांढरी होते.

शीट मात्र वाजत नाही. मुलाखतीची वेळ फोनच्या कॅलेंडरमध्ये वेगळी टाका, आदल्या दिवशीच्या संध्याकाळचा गजर लावून. आणि पावसात लाईट आणि नेट दोन्ही जातं तेव्हासाठी शीट्सच्या ॲपमध्ये ती फाइल Make available offline करून ठेवा. हे करायला आम्हाला एक वादळ यावं लागलं.

गणपती, शिमगा आणि गाड्या

कोकणात सुट्ट्यांचं पान सरकारी यादीवरून भरलं तर फसाल. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी होती आणि गौरी विसर्जन २ सप्टेंबरला. आम्ही २७ ऑगस्ट ते २ सप्टेंबर सगळे दिवस सुट्टीत टाकले. कंपनी चालू असली तरी फोन उचलणारा माणूस आरतीला असतो, आणि त्या आठवड्यात पाठवलेला मेल ढिगाच्या तळाशी जातो. शिमग्यालाही असेच तुमच्या गावच्या पालखीचे दिवस धरा, पण कंपनी त्याच पट्ट्यातली असेल तरच. तळोज्याला शिमग्याशी देणंघेणं नसतं.

मुलाखत मुंबई-ठाण्याला असेल तर J मध्ये तारखेबरोबर प्रवासही लिहा. कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्यांचा वेग कमी असतो, त्यामुळे सकाळी निघून दुपारी मुलाखत हा हिशेब जूनपासून ऑक्टोबरपर्यंत धोक्याचा. गणपतीतलं गणित आणखी वेगळं. चतुर्थीआधी मुंबईहून येणाऱ्या गाड्या भरलेल्या, जाणाऱ्यात जागा. गौरी-गणपती गेले की नेमकं उलटं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मुलाखत आठ दिवस आधी कळते, तेव्हा ३ किंवा ४ सप्टेंबरला मुंबईत या म्हणाले तर सरळ सांगायचं, "गणपतीमुळे गाड्यांना जागा नाही, व्हिडिओवर होईल का, नाहीतर ८ तारीख चालेल का?" पर्याय दिला की बहुतेक जण ऐकतात.

फोनवर काय बोलायचं, आणि किती वेळा

१२ ऑगस्टला भाचीची ओळ पिवळी झाली. तिने मला विचारलं, "काय बोलू मामा?" मी तिला एकच वाक्य पाठ करायला लावलं: "सर, मी ४ ऑगस्टला क्यूसी केमिस्टच्या जागेसाठी बायोडाटा मेल केला होता, तो मिळाला का आणि पुढची प्रक्रिया कधी आहे, एवढंच विचारायचं होतं." यात तारीख आहे, पद आहे आणि हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न आहे. "माझं काय झालं?" असं विचारलं की समोरच्याला तुम्हाला शोधत बसावं लागतं, आणि तो शोधत नाही.

फोन करायची वेळ सकाळी साडेदहा ते बारा. दुपारी जेवण, मग शिफ्ट बदलायची धावपळ.

दोनदा विचारायचं. पहिल्यांदा सात दिवसांनी, दुसऱ्यांदा आणखी सातांनी. दुसऱ्यांदाही काही नाही कळलं तर F मध्ये "बंद" आणि K मध्ये "उत्तर नाही". तिसरा फोन करू नका. बंद केलेल्या कंपनीचा फोन आलाच तर ओळ परत चालू करता येते, त्यात काही जात नाही. पण मेलला उत्तर आलं नाही असं म्हणण्याआधी स्पॅमचं खातं बघा. मी तरुणपणी एका कंपनीला "तुम्ही उत्तरच दिलं नाहीत" असं ठणकावून सांगितलं होतं. मुलाखतीचं पत्र सहा दिवसांपासून माझ्या स्पॅममध्ये होतं आणि मुलाखत आदल्या दिवशी होऊन गेली होती.

टिपणांच्या रकान्यात काय

K मध्ये चार गोष्टी. जाहिरातीचा मजकूर जसाच्या तसा, कारण जागा भरली किंवा मुदत संपली की पोर्टलवरची जाहिरात गायब होते आणि मुलाखतीला जाताना त्यांनी काय मागितलं होतं ते आठवत नाही. कुठला बायोडाटा पाठवला त्या फाइलचं नाव. फोन करणाऱ्याचं नाव आणि नंबर, आणि तो नंबर फोनमध्येही कंपनीच्या नावाने सेव्ह. विहिरीच्या कठड्यावरचा तो प्रसंग याने टळला असता. चौथी गोष्ट म्हणजे आपण सांगितलेला पगाराचा आकडा. फोनवर एक आणि एचआरसमोर दुसरा सांगितला की माणूस अडकतो.

मुलाखत झाली की बसस्टॉपवरच, एसटी यायच्या आत, विचारलेले प्रश्न लिहून काढा. घरी गेल्यावर निम्मे विसरतात. २२ ऑगस्टला लोट्याची तांत्रिक मुलाखत झाली, तिथून भाचीने पाठवलेलं टिपण माझ्याकडे आहे: "नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटीतला फरक, आला. पीएच मीटर कॅलिब्रेट कशाने, ४, ७ आणि ९.२ बफर, आला. एचपीएलसीचा कॉलम कुठला वापरलास, हाताळलाच नाही म्हटलं. कार्ल फिशर कशासाठी, अडखळले." महाडच्या फोनवरही तिला एचपीएलसी या यंत्राबद्दल विचारलं होतं. दोन ठिकाणी तोच प्रश्न आल्यावर तिने गणपतीच्या सुट्टीत कार्ल फिशर म्हणजे पाण्याचं प्रमाण मोजायची पद्धत आणि कॉलमचे प्रकार वाचून काढले.

लोट्याच्या ओळीत तिने G मध्ये २२ ऑगस्ट टाकलं, H मध्ये ५. सूत्राने शनिवार २३, सोमवार २५, मंगळवार २६ मोजले, गणपतीचा आठवडा वगळला आणि ४ सप्टेंबर दिला. त्याआधी तिला दोनदा फोन करावासा वाटला. शीट पांढरी आहे म्हणून केला नाही.

महिन्याने वाचून बघा

नव्या शीटमध्ये ऑगस्टअखेर अठरा ओळी झाल्या. कुठल्या मार्गाने किती अर्ज पहिल्या पायरीवरच अडकले, ते असं मोजलं:

```
=COUNTIFS(D2:D100,"पोर्टल",E2:E100,"अर्ज")
```

पोर्टलवरच्या अकरा अर्जांपैकी नऊ "अर्ज" वरच होते. थेट मेल, वॉक-इन आणि ओळख मिळून सात, त्यातल्या चार ठिकाणांहून फोन आला होता. अठरा ओळींवरून सिद्धांत मांडू नये हे खरं. पण त्या नऊ जाहिराती K मध्ये वाचल्या तर सातांमध्ये दोन वर्षांचा अनुभव मागितलेला. म्हणजे बायोडाटा वाईट नव्हता, जाहिरात तिच्यासाठी नव्हती. फोनपर्यंत सगळीकडे पोचता आणि तांत्रिकला गळता, तर अभ्यास कमी पडतोय. एचआरपर्यंत जाऊन थांबता, तर पगाराचा आकडा किंवा राहण्या-येण्याची सोय तपासा. शृंगारतळीहून रात्रपाळीला लोट्याला कशी येणार, हा प्रश्न तिला विचारलाच, आणि उत्तर तयार नव्हतं. मग लोट्याजवळ खेडला राहणाऱ्या आत्याचं नाव तिने K मध्ये लिहून ठेवलं.

४ सप्टेंबरला तिने साडेदहाला फोन केला. त्यांनी दुसऱ्या आठवड्यात एचआरला बोलावलं, मग मेडिकल, मग ऑफरचा मेल. ऑफर आल्यावर ओळ लगेच बंद केली नाही, रुजू झाल्यावर केली. मेलमधली ऑफर आणि गेटपास यांच्यामध्ये अजून बरंच काही होऊ शकतं.

रुजू झाल्या दिवशी तीन ओळी चालू होत्या. तिने तिन्ही ठिकाणी फोन करून आपण दुसरीकडे लागलो म्हणून सांगितलं. दोन ठिकाणी "बरं" म्हणून फोन ठेवला. महाडचे गृहस्थ म्हणाले, "एचपीएलसी शिकून घे गो, एप्रिलमध्ये आमच्याकडे जागा निघतील, शिमगा झाला की फोन कर." ती ओळ चालूच आहे. I मध्ये हाताने टाकलेली तारीख १६ मार्च २०२६, सोमवार.